पाण्याच्या रेणूवरचे पुसलेले ठिपके

मला माझ्या भागीदाराने फसवलं. त्याने माझ्या कागदावरचे ठिपके पुसले आणि खाली माझं नाव तसंच ठेवलं. तो अजूनही म्हणतो, एवढ्याशा ठिपक्यांनी काय होतं. म्हणून सगळं लिहितो.

घाटकोपर पूर्वेला माझा दोन खोल्यांचा क्लास होता. अकरावी-बारावीची केमिस्ट्री. गिरणीतली नोकरी सुटल्यावर वडिलांनी एका सोसायटीत वॉचमनकी केली, आणि त्याच सोसायटीतल्या पोरांना शिकवत मी बी.एस्सी. झालो. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला काही सहज सोडलं नाही. एक गोष्ट मात्र मी पोरांना मनापासून दिली, ती म्हणजे रेणूंच्या आकारांची हँडआऊट. सहा पानं. दर वर्षी सुधारून लिहिलेली.

त्यातली गोष्ट सोपी आहे. मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या जोड्या असतात. त्या एकमेकींना ढकलतात आणि जमेल तेवढ्या लांब जाऊन बसतात. चार जोड्या असल्या की चौफलक होतो, कोन एकशे साडेनऊ अंश. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधाच्या, म्हणून तिथे हिशेब चोख. अमोनियात तीन बंध आणि एक लोन पेअर. ही जोडी कोणाशी बांधलेली नसते. तिला एकाच केंद्रकाची ओढ, त्यामुळे ती ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना आत दाबते. कोन एकशे सातच्या आसपास येतो. पाण्यात अशा दोन जोड्या, म्हणून कोन आणखी कमी, एकशे साडेचार.

पोरं चुकतात ती पुढे. मांडणी ठरवताना लोन पेअर मोजायची, पण आकाराला नाव देताना फक्त अणू बघायचे. पाण्यात जोड्यांची मांडणी चौफलकाची, पण रेणू वाकडा. म्हणून माझ्या तक्त्यात चार रकाने होते: जोड्यांची मांडणी, तिचा मूळ कोन, रेणूचा खरा आकार, खरा कोन. आणि प्रत्येक चित्रात लोन पेअरचे दोन जाड ठिपके. वर्गात मी चार फुगे तोंडाशी एकत्र बांधायचो, लोन पेअरचा फुगा जास्त फुगवायचो. बाकीचे आपोआप जवळ सरकायचे. कधी फुगा फुटायचा, मग दहा मिनिटं नुसता दंगा.

नंतर स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासवाल्याने मला भागीदार करून घेतलं. त्याच्या तीन शाखा, एसी, स्मार्ट बोर्ड. मी दोन अटी घातल्या. घाटकोपरची अकरावी मीच शिकवणार, आणि हँडआऊटच्या प्रत्येक पानावर माझं नाव येणार. त्याला फक्त क्लासचा लोगो हवा होता. तीन बैठका या नावावर गेल्या. एकदा मी खुर्ची सरकवून उठलोही. शेवटी तो म्हणाला, "घ्या सर, प्रत्येक पानावर. एक अक्षरही बदलणार नाही. आता खुश?"

छपाईआधी पानं मोबाईलवर आली. मी बोटांनी मोठी करून सहाही पानं बघितली आणि ओके लिहून पाठवलं.

मी स्वतः शिकवताना कागद कधी बघत नाही, सगळं फळ्यावर काढतो. त्यामुळे घाटकोपरला कोणाला कळलं नाही. मुलुंडच्या शाखेत नवीन मास्तर होता, तो कागद वाचून दाखवायचा.

एका दुपारी मुलुंडहून एक मुलगी आईबरोबर आली. तिची मोठी बहीण माझ्याकडे शिकून फार्मसीला गेली होती. मुलीने कॉलेजची उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली. अमोनियाचा कोन, एकशे साडेनऊ. पाण्याचा, एकशे साडेनऊ. क्लोरीन ट्रायफ्लोराइडचा आकार, ट्रायगोनल बायपिरॅमिड. सगळ्यावर लाल काट.

माझं डोकं फिरलं. "कुठल्या गाढवाने शिकवलं गं तुला हे?"

तिने पिशवीतून हँडआऊट काढली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे माझं नाव होतं.

मी पान वर सरकवलं. चार रकान्यांचे दोन झाले होते. मांडणी आणि मूळ कोन उरले होते. खरा आकार आणि खरा कोन गेले होते. चित्रांत एकही ठिपका नव्हता.

"पुस्तकात वेगळं होतं, सर," ती म्हणाली. "पण ताई म्हणायची, सरांचा कागद म्हणजे फायनल. मला वाटलं पुस्तक जुनं असेल."

"कॉलेजच्या वर्गात हिचा पेपर वाचून दाखवला मॅडमनी," आई म्हणाली. "ही उभी राहून भांडली, आमच्या सरांनी असंच लिहिलंय म्हणून. सगळा वर्ग हसला. आठवडाभर कॉलेजला गेली नाही."

मी खडू घेतला. तिला क्लोरीनचे सात इलेक्ट्रॉन मोजायला लावले, तीन फ्लोरीनचा एकेक, एकूण दहा, म्हणजे पाच जोड्या. तीन बंधाच्या, उरल्या दोन लोन पेअर. फळ्यावर पाच जागा काढल्या: तीन मधल्या गोलात, एक वर, एक खाली. "या दोघींना ऐसपैस जागा लागते. कुठे बसवशील?"

तिने फळ्याकडे बघितलं. "मधल्या गोलात. तिथे एकशेवीस आहे."

"मग अणू कसे दिसतील?"

तिने हवेत बोटाने काढलं. "इंग्रजी टी. पण कोन नव्वदपेक्षा थोडा कमी, दोघी ढकलतील ना." मग हळूच म्हणाली, "एवढंच होतं?"

पाच मिनिटंही लागली नव्हती.

"आता काय उपयोग," आई म्हणाली. "कॉमर्सचा फॉर्म भरला हिने. सायन्सचं नाव काढू देत नाही घरात. ताईच्या सरांना दाखवू म्हणून मीच ओढून आणली आज."

मुलगी हँडआऊटची घडी घालत होती. "मला हाच चॅप्टर सगळ्यात आवडला होता," ती म्हणाली. मग वर न बघता तिने विचारलं, "छापायच्या आधी तुम्ही बघितलं होतं, सर?"

मी हो म्हणालो. मी खोटं बोललो नाही. सहाही पानांवर माझं नाव आहे का, ते मी नीट बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भागीदाराच्या केबिनमध्ये कागद आपटला.

"डिझायनर म्हणाला, डॉट्स प्रिंटिंग मिस्टेक वाटतात," तो म्हणाला. "आणि चार कॉलम मोबाईलवर मावत नव्हते. दोन रिपीट वाटले."

"रिपीट? अरे, तीच तर केमिस्ट्री होती!"

"ओरडू नका ना सर, बाहेर पेरेंट्स बसलेत. तुमचा ओके आहे. मेसेज दाखवू?"

"तू शब्द दिला होतास, एक अक्षर बदलणार नाही म्हणून."

"अक्षर कुठे बदललं? ठिपके काढले." त्याला ते विनोदी वाटलं असावं. "पुढच्या बॅचला करेक्ट करू यार, एका पोरीसाठी एवढं काय?"

मी मुलुंडच्या त्या घरी दोनदा फोन केला. आई नीट बोलते. मुलगी फोनवर येत नाही. अकाउंट्सचा क्लास लावलाय म्हणे. बरी चालली आहे, असं आई म्हणते, आणि मला ते ऐकवत नाही.

माझा ओके माझा आहे. ते मी तिच्यासमोर सांगणार आहे, भागीदाराने मेसेज दाखवायची गरज नाही. पण ठिपके त्याने पुसले, रकाने त्याने काढले, आणि चुकीवर माझं नाव ठेवलं म्हणून ती पोर पुस्तकाला खोटं ठरवून भर वर्गात भांडली. आता हे तुलाच सांगतो, पुढची बॅच मला सांगू नकोस. माझ्याबरोबर मुलुंडला चल, त्या मुलीसमोर बस, आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की तिचं काही चुकलं नव्हतं. कधी येतोस, ते बोल.