उसवलेला कफ

पारूबाईचे यजमान सिद्रामप्पा वारून सात महिने झाले होते, तरी तिनं शर्टाची बाही हातात घेतली की ते मागं येऊन उभे राहायचे. दिसायचे नाहीत. मानेवर नुसता श्वास, आणि चुना-तंबाखूचा वास.

“टोक काढ, पारे. टोक काढ.”

लातुरात डाळ मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. तीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली होती. शर्ट पारूबाई शिवायची, पण कफ शिवून, उलटवून कोपऱ्याला टोक आणायचे ते सिद्रामप्पा मास्तरच, तिच्याकडं पाठ करून. कसं करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, “समदंच शिकवलं तर मला ठिवशील कशाला?” दोघंही हसायचे.

सोमवारी कापड दुकानाचे रामकिशन शेट आले. तिनं शिवलेला शर्ट त्यांनी टेबलावर टाकला.

“वहिनी, हा कफ हाय का उंदराचा कान? बघा, कोपरा गोल. अन् दुसऱ्याला तर भोक!”

“इस्त्री केली की बसंल, शेट.”

“न्हाई बसत. गिऱ्हाईक हातात घिऊन आधी कफच बघतंय.” त्यांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला. “हा एक शर्ट. गुरुवारपर्यंत. जमला तर माझं समदं काम तुमच्याकडंच. न्हाई तर पाटीवरलं ‘जेंट्स’ खोडा, अन् साड्यांचे फॉल लावत बसा.”

शेट गेल्यावर काज-बटणं करणारी शेजारीण बसम्मा दारातून म्हणाली, “लई तोंड हाय त्या मेल्याला. पण खरं सांगू का, पारूबाई? कोपरा गोलच हाय.”

“तू तुझी काजं बघ गं!”

बुधवारी दुपारपर्यंत बाहीच्या मनगटाकडल्या चिरेची पट्टी झाली. तिथं तिचा हात बसलेला होता. पट्टी बाहीच्या उलट्या अंगाला ठेवून तिनं चौकोनी टीप मारली. मधोमध चीर दिली, आणि शेवटी दोन्ही कोपऱ्यांकडं तिरकी कातर नेली. टिपेच्या एक धागा अलीकडं थांबली. धागा जास्त गेला तर कोपरा उसवतो, कमी गेला तर चुणी पडते. पट्टी सुलट बाजूला ओढून घेतली, घड्या घालून इस्त्री फिरवली, टोकाला आडवी टीप दिली. पट्टी बाहीवर सपाट बसली.

मग कफ. आत बकरमचं कडक अस्तर, कडेनं टीप, ऐन कोपऱ्यात सुई रोवून काटकोनात वळण. कोपऱ्यातलं जादा कापड कापलं, उलटवलं.

“टोक काढ, पारे.”

तिनं कातरीचं टोक आत खुपसलं. टचकन आवाज झाला. कोपऱ्यातून कातरीचं पातं चमकलं.

आता दोन कफांपुरतंच कापड उरलं होतं, चुकायला जागा नव्हती.

लाईट गेलेली, पंखा थांबलेला. तरी खिळ्यावरच्या मास्तरांच्या शर्टाची बाही हलली. तो शर्ट तिनं धुतला नव्हता. कॉलरीला अजून त्यांचा घाम होता.

“घिऊ का?” तिनं विचारलं.



तिनं शर्ट मांडीवर घेतला आणि ब्लेडनं कफाची टीप उसवायला सुरुवात केली. एकेक टाका तुटताना कुणी तिचं मनगट धरल्यासारखं वाटत होतं. अर्धा कफ सुटला, तसा तिनं कोपरा उलटा करून उजेडात धरला.

टीप काटकोनात वळलीच नव्हती. कोपऱ्यावर एकच टाका तिरका मारलेला, कापडाला आत मावायला जागा मिळावी म्हणून. आणि जादा कापड पार कापलेलं नव्हतं. टिपेवर एकावर एक दुमडून दाबलेलं होतं. बकरमवर अंगठ्याच्या नखाचा वळ होता.

म्हणजे टोक ते कधी उकरून काढतच नव्हते. मग इतके दिवस मानेमागून ‘टोक काढ’ म्हणून कोण बोलत होतं?

पण हात थांबले नाहीत. तिनं टीप मारली, कोपऱ्यावर एक टाका तिरका घेतला. कापड दुमडलं, घडी अंगठ्यात आणि बोटात घट्ट धरली, आणि तशीच उलटवली. कोळशाची इस्त्री दाबून ठेवली, उचलली. कोपरा कागदाच्या घडीसारखा निघाला. दुसरा कफही तसाच.

गुरुवारी शेटनी कफावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, खरं सांगा. मास्तर शिवून ठिवून गेलते का?”

“न्हाई. म्या शिवला.”

“ह्यो तर त्यांचाच हात हाय!”

“माझा हाय, शेट.”

शेटनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडं, आणि दहा शर्टांचं कापड टेबलावर ठेवून भरभर निघून गेले.

पारूबाईनं पहिली बाही हातात घेतली. पट्टी ठेवली. थांबली. मान किंचित मागं कलवली आणि वाट पाहिली. चुन्याचा वास नाही, श्वास नाही. गल्लीत कुणी नुसती हाक मारली असती तरी ती दचकली असती, इतकं मागं रिकामं होतं.

“बोला की,” ती पुटपुटली. आणि मशीनचं पायडल हाणलं.