न उघडलेल्या सहा फाइली

भाची रंगांच्या दुकानात नोकरीला लागल्याला आता तीन महिने होत आले होते, आणि मामा त्या दुकानावरून आजवर चार वेळा गेला होता. आत एकदाही नाही. चारही वेळा त्याने समोरच्या फुटपाथवरून काउंटरमागची तिची मान तेवढी पाहिली, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून घरी परतला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण रस्ता पार करायची हिंमत होत नव्हती.

मामाचा धंदा सांगायचा तर लोक आधी भुवया उंचावतात. एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा कॉम्प्युटर, सहा खुर्च्या, आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत सहा जण ऑनलाइन पोकर खेळत बसलेले. भांडवल सगळ्यांचं मिळून, नफ्यात सगळ्यांचा वाटा. मामा त्यांचा म्होरक्या. आधी तो शिकवणीत संख्याशास्त्र शिकवायचा, आणि त्याचा तो खडूचा हात अजून गेला नव्हता. भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर दोनच ओळी असत आणि त्या पुसायची कुणाची टाप नव्हती.

पहिली ओळ भांडवलाची. टेबलावर बसताना जेवढे पैसे घेऊन बसायचं त्याला बाय-इन म्हणतात. तर प्रत्येकामागे चाळीस बाय-इन राखून ठेवायचे, आणि ते घटले तर निमूट लहान टेबलावर उतरायचं. नव्या माणसाला मामा फळ्यावर मांडून दाखवायचा, "तू चांगला खेळतोस असं धरू. चाळीस असतील तर तू बुडायची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही. आठच असतील तर शंभरात सदतीस. खेळ तोच, डोकं तेच. फरक फक्त पाठीशी किती आहे त्याचा."

दुसरी ओळ होती, 'थोड्या दिवसांवरून माणूस तोलायचा नाही.' पत्ते फार लहरी. चांगला खेळाडूसुद्धा दहा हजार हात खेळून, म्हणजे तेवढे डाव खेळून, दहातल्या तीन वेळा तोट्यातच असतो. त्याचं कसब दिसायला लाख लाख हात लागतात. तोवर आकड्याकडे नाही, खेळाकडे बघायचं. माणसाने पैसे टाकले तेव्हा तो पुढे होता, म्हणजे जिंकायची शक्यता त्याची जास्त होती, की मागे, ते बघायचं. म्हणून दर रविवारी प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या हातांची फाइल मामाला ईमेल करायची आणि मामाने ती बसून पाहायची, असा शिरस्ता होता.

भाची म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. या खोलीत दोन वर्षं बसत होती. तीच त्याला मामा म्हणायची, मग अख्खी खोली म्हणू लागली. मामाहून वयाने मोठा असलेला पेन्शनरसुद्धा. पोरगी कमी बोलायची, दोनच टेबलं उघडायची, आणि दोन वर्षांत दोन लाखांवर हात खेळून घसघशीत नफ्यात होती. खोलीतला सगळ्यात भरवशाचा माणूस कोण, हे मामाला झोपेत विचारलं असतं तरी त्याने तिच्याकडे बोट दाखवलं असतं.

आणि मग ते सहा आठवडे आले. चौदा हजार हात, आणि भाची नऊ बाय-इन खाली.

आता बघा, हे काही आभाळ कोसळणं नव्हे. तिच्यासारख्या खेळाडूला एवढ्या हातांत एवढी खोट पंधरात एकदा लागतेच. खोलीत सहा जण, वर्षात असे सहा सहा आठवडे आठ वेळा येणार, म्हणजे असा फटका वर्षाला तिघांना तरी बसायचाच. मामाला हे पाठ होतं. पण त्याच सुमारास खोलीत एक नवा गडी आला होता. दर डावाला 'झकास' म्हणायचा, म्हणून त्याचं नावच झकास पडलं. त्याने नऊ दिवसांत सात बाय-इन कमावले. खोलीत नुसती धमाल. बोलायचा झोकात, हरला तरी हसायचा.

एका दुपारी पेन्शनर चष्मा पुसत म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण हेच दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर एव्हाना खुर्ची गेली असती. घरची आहे म्हणून सांभाळताय."

झालं. तेवढं एक वाक्य मामाच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर त्याने पक्षपाती म्हणवून घेतलं नव्हतं. त्या रविवारी तो फाइल उघडायला बसला होता खरा, पण उघडली ती झकासची, आणि त्याचेच डाव कौतुकाने पाहत राहिला. भाचीची राहिली. तिच्या त्याआधीच्या पाचही राहिल्याच होत्या. घरची पोर, तिचं काय बघायचं, असं करत करत.

सोमवारी त्याने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. पुढचं वाक्य त्याला आजही शब्दन् शब्द आठवतं. तो म्हणाला, "मी तुझे सगळे हात बघितलेत. तुझा खेळ घसरलाय. तू थांबावंस."

तिने एवढंच विचारलं, "सगळे बघितलेत?"

"सगळे," मामा म्हणाला.

तिने वाद घातला नाही. मामाने बघितलंय म्हटल्यावर वाद कसला? हेडफोनची वायर गुंडाळली, पाण्याची बाटली उचलली आणि गेली. स्वतःच्या पैशांवर खेळत बसण्याइतकी ती खुळी नव्हती. पदरी आठ बाय-इनसुद्धा नव्हते, आणि फळ्यावरचं गणित तिला मामापेक्षा चांगलं कळत होतं.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. तिच्या वाट्याचंही झकासला मिळालं. मामाने त्याला दुप्पट मोठ्या टेबलावर बसवलं, त्याचे चाळीस तिथे वीसच झाले म्हणून भाचीसाठी राखलेले चाळीसही त्याच्यामागे लावले. नऊ दिवसांच्या जोरावर. नुसतं नशीबसुद्धा नऊ जणांतल्या एकाला तेवढं देतं, हे ज्याने जन्मभर शिकवलं त्याने. झकासने चार चार टेबलं उघडून अडीच महिन्यांत ते सगळं फुंकलं, शेवटच्या दिवशीही हसला, आणि परत आला नाही. पेन्शनर आणि बाकीचे तिघे मूग गिळून बसले.

झकासच्या फाइली शोधताना त्याला त्या सहा दिसल्या. ठळक अक्षरांत, न उघडलेल्या.

मग त्याने त्या उघडल्या. पंचवीस दिवस रोज सकाळी तो तेवढंच करत होता, बायको हाका मारून मारून थकली. चौतीस मोठे डाव होते, जिथे दोन्हीकडचं सगळं पणाला लागलं होतं. तेवीस डावांत पैसे टाकताना भाचीच पुढे होती. सगळं मोजलं तर वीसेक जिंकायला हवे होते. जिंकली पंधरा. असा एकेक डाव म्हणजे दोन बाय-इन इकडचे तिकडे. ते पाच डाव सरळ पडले असते तर तूट सोडा, ती एक बाय-इन वरच असती. पोरीने सोडलेले पत्ते पाहिले, घातलेल्या बोली पाहिल्या. कुठे घाई नाही, कुठे चिडून खेळणं नाही. ती होती तशीच खेळत होती, काडीचा फरक नाही.

आणि सहाव्या ईमेलमध्ये खाली एक ओळ होती. 'मामा, गुरुवारचा दोन राण्यांचा डाव नक्की बघा. मी शेवटी त्याची बोली भरून पत्ते पाहायला नको होते का? मला कळत नाहीये.'

पाचव्यांदा गेला तेव्हा मामा दुकानात शिरला.

भाची रंग ढवळायच्या मशीनमध्ये डबा अडकवत होती. "मामा! या ना. घर रंगवताय?" तिच्या आवाजात काही अढी नव्हती, आणि त्यानेच मामाचा धीर आणखी सुटला. काउंटरजवळ पावती हातात धरून एक गृहस्थ उभे होते. मामा त्यांच्याकडे बघत, मग शेड कार्डाकडे बघत राहिला.

तीच म्हणाली, "बरं झालं आलात. मला सांगायचंच होतं. त्या दिवशी तुम्ही तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. आईलाही म्हटलं, मामा उगाच बोलणार नाहीत."

आता इथे गप्प बसून निघून जाता आलं असतं. पोर सुखात होती, महिन्याचा पगार होता. खुर्ची परत द्यायला भांडवल उरलेलं नव्हतं, मग खरं सांगून तिच्या पदरात काय पडणार होतं? मामाच्या मनात हे सगळं येऊन गेलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

"मी बघितले नव्हते," तो म्हणाला.

"काय?"

"तुझे हात. मी त्या दिवशी खोटं बोललो. फाइली उघडल्याच नव्हत्या."

मशीन घरघरत थांबलं. तिने डबा काढला नाही. "सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा. आता बघितल्या. प्रत्येक डाव बघितला. तू घसरली नव्हतीस गं. पत्ते वाईट पडले, बाकी काही नाही."

तिने हळूच विचारलं, "तो राण्यांचा?"

"बरोबर होता. समोरच्याने मधे जमलेल्या रकमेच्या निम्मी बोली लावली होती. चारात एकदा जरी तो थाप मारत असला तरी पाहण्यात तोटा नाही. आणि तो माणूस अशा जागी तिनात एकदा थाप मारतो, मी त्याचे जुने डाव काढून मोजलं. त्या दिवशी नेमके त्याच्याकडे पत्ते होते."

"मी रोज तो डाव खेळते," भाची म्हणाली. "इथे, डबे लावताना. रोज राण्या टाकून देते आणि म्हणते, तिथेच चुकले, मामांना तिथेच दिसलं असणार."

माफ कर म्हणायला मामा आला होता; त्याने शेड कार्ड उचललं आणि परत ठेवलं.

"अहो, माझा डबा झाला का?" पावतीवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"झाला, काका." तिने डबा काढला, झाकणावर हातोडीने चार ठोके मारले, थेंबभर रंग बोटाने झाकणाला लावून त्यांना दाखवला. पावतीवर शिक्का मारला, डबा पिशवीत घातला. सगळं नीट, नेहमीच्याच सवयीने. ते गेल्यावर बोट फडक्याला पुसत ती मामाकडे वळली.

"मग मी सोडलं कशासाठी, मामा?"