पार्कसाहेबांचा हुद्दा

नागपूरजवळ बुटीबोरीच्या त्या कोरियन कंपनीत प्रशिक मेश्रामला सगळे 'हुद्द्यांचं पंचांग' म्हणत. साहेबाला इंग्रजी मेल पाठवायची म्हटली की भले भले त्याच्या टेबलाशी यायचे.

"'रिस्पेक्टेड सर' नको लिहू गा," तो शेजारच्या टेबलावरच्या दुर्गेशला सांगे. "आडनाव अन् हुद्दा. आपल्या इथं तीन किम आहेत, नुसतं किम लिहिलं तं कोणाले समजन? अन् सीसीमधी मोठ्या साहेबाचं नाव आधी टाक."

एवढा जाणकार माणूस, पण तीन वर्षं कंत्राटावरच. त्याला पर्मनंट करायची शिफारस पार्कसाहेबांच्या सहीसाठी थांबली होती. पार्क म्हणजे डीजीएम, जीएमच्या, म्हणजे जनरल मॅनेजरच्या, एक पायरी खाली. अबोल, पण प्रशिकच्या मेलवर 'वेल रिटन' लिहिणारा तोच एक साहेब. कंत्राट जानेवारीअखेर संपणार होतं.

वर्षाच्या सुरुवातीला कोरियाहून बढत्यांची यादी येते. त्या सकाळी दुर्गेश कॅन्टीनमधून धावत आला.

"पार्कसाहेब जीएम झाले ना बे!"

एरवी प्रशिक यादी स्वतः पाहिल्याशिवाय कोणाच्या नावापुढे अक्षर लावत नसे. पण गरजवंताला अक्कल नसते. सगळ्यांच्या आधी अभिनंदन करावं म्हणून त्यानं लिहिलं, 'डिअर जीएम पार्क', आणि सीसीत सगळा विभाग टाकला.

तासाभरात यादी आली. जीएम झाले होते तिघांतले एक किम, पार्कच्या हाताखाली शिकलेले. पार्क होते तिथेच होते.

त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'मी डीजीएम पार्क आहे. यापुढे मेल जीएम किम यांना पाठवावी.' त्यात राग नव्हता, आणि तेच प्रशिकला सोसवेना. त्या माणसाची जी लाज झाकायला हवी होती, तिची दवंडी त्यानंच पिटली होती. त्यानं माफीची मेल पाठवली. उत्तर आलं नाही. हाताखालचा माणूस वर गेला की वरिष्ठानं थांबायचं नाही, ही तिकडची रीत; पंधरा दिवसांत पार्क राजीनामा देऊन कोरियाला गेले. शिफारशीवर सही झालीच नव्हती.

त्यानं नव्या साहेबांना लिहिलं, 'डिअर जीएम किम'. एक अक्षर चुकलं नाही. उत्तर आलं, जुन्या वरिष्ठांची शिफारस लागेल.

पार्कच्या जुन्या ड्रायव्हरकडून त्यांचा घरचा ईमेल पत्ता मिळाला. नागपुरातल्या बेसा भागातल्या आपल्या खोलीत प्रशिक लिहायला बसला. 'डिअर' लिहिलं आणि हात अडला. आता ते डीजीएम नव्हते, कोणीच नव्हते. त्यानं हुद्द्याविना नुसतं 'मिस्टर पार्क' लिहिलं. अगदी बरोबर होतं ते. पण ते वाचून त्या माणसाला काय वाटेल, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

"काहून थांबला रे?" आई, सिंधूताई, म्हणाली. "लिही ना. उद्या एकतीस आहे."

"नाही लिहिल्या जात, आई," तो म्हणाला, आणि त्यानं मेल पुसून टाकली.