डिस्कांची भिशी

नवा गेम बाजारात आला की पहिल्याच दिवशी विकत घेणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. अरे, थांबा की जरा! सहा-आठ महिन्यांत तीच डिस्क दादरला जुन्या गेमच्या दुकानात निम्म्याहून कमी भावात पडलेली असते. दिवाळीच्या बोनसमधले दीड हजार मी वर्षभराच्या खेळासाठी काढून ठेवते. त्याच्या वर एक रुपया नाही. तेवढ्यात बारा महिने खेळायचं, हा माझा हट्ट.

त्यासाठीच लालबागच्या आमच्या चाळीत मी भिशी सुरू केली. पैशांची नाही, डिस्कांची. मी, माझा दादा, समोरच्या खोलीतली माझी मैत्रीण आणि कोपऱ्यातले काका, असे चौघे. चौघांकडे टीव्हीला जोडायचा एकाच कंपनीचा गेम कन्सोल. काकांचा खरं तर त्यांच्या मुलाचा. मुलगा दुबईला गेला, कन्सोल मागे राहिला, आणि महापालिकेतून निवृत्त झालेले काका कंटाळा घालवायला म्हणून बसले ते बसलेच.

प्रत्येकाने वर्षाला एक डिस्क घ्यायची, जुनी आणि लांब पल्ल्याची, म्हणजे तीन महिने तरी पुरणारी. उजेडात धरून ओरखडे बघायचे, मगच पैसे द्यायचे. दर तीन महिन्यांनी डिस्क पुढच्या घरी. म्हणजे एकाच्या पैशात चार गेम. वर्ष संपलं की सगळ्या डिस्क विकून आलेला पैसा पुढच्या वर्षात घालायचा. कोणी कव्हर हरवलं तर मी गॅलरीत उभी राहून बोंब मारायची, कारण कव्हर नसलं की दुकानदार भाव पाडतो.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. दादा डोंबिवलीला, मैत्रीण वरळीला बीडीडी चाळीत आईकडे, मी परळला भाड्याने. काका अँटॉप हिलला एका रिकाम्या-रिकाम्या फ्लॅटमध्ये, एकटेच, कारण काकू नातवाला सांभाळायला दुबईला गेलेल्या. भिशी मात्र मी मोडू दिली नाही. तीन महिन्यांनी एकदा दादर स्टेशनबाहेर भेटायचं, पिशव्या बदलायच्या आणि पळायचं. काका दर वेळी "चहा घेऊया काय?" विचारायचे. आम्हाला घाई असायची.

दिवाळीनंतर, भिशीच्या नव्या वर्षाच्या पहिल्या भेटीत काका हात हलवत आले.

"काका, तुमची डिस्क?"

"डिस्क नाही गो. सेल लागलेला, डाउनलोड केला. स्वस्तात पडला."

माझं डोकंच फिरलं. डाउनलोड केलेला गेम त्यांच्या कन्सोलमध्ये, त्यांच्या खात्यावर. तो ना फिरणार, ना विकला जाणार. "अहो काका, मग फिरवायचं काय? टीव्ही? वर्षभराच्या खेळाचा एक हिस्सा गेला की आमचा!" दादा म्हणाला, "जाऊ दे गं." जाऊ दे? माझे दीड हजार म्हणजे काय झाडाला लागतात?

त्यात गेम कसला, तर आठ-दहा तासांत संपणारा. चौघांनी एकाच पडद्यावर मिळून घरातलं सामान हलवायचं, सोफा दारातून तिरका काढायचा. मी तिथेच जाहीर केलं, दर रविवारी काकांच्या घरी जायचं आणि आपला हिस्सा वसूल करायचा. आपापला कंट्रोलर घेऊन. मैत्रिणीने कपाळावर हात मारला, पण आली.

पहिल्या रविवारी दादाने फ्रिज खिडकीतून फेकला आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचे बघायला आले. काकांनी कांदेपोहे केले होते, खारट. गेम संपला तसा आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, या वेळी कमी वेळात करायचा म्हणून. पावसाळा गेला, गणपती गेले, तरी आमचा सोफा दारातच अडकत होता. भिशीतल्या लांब पल्ल्याच्या डिस्क घरी तशाच पडून. एवढे तास आजवर कुठल्याच गेमने दिले नव्हते. त्या घरातून निघताना मला दर वेळी जिवावर यायचं, हे सांगायला काय लाज?

दिवाळी जवळ आली तशी मी नियम पुन्हा बजावला. "काका, या वर्षी डिस्कच हं. जुनी, लांब पल्ल्याची. फसू नका परत."

काका कंट्रोलरच्या वायरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "फसलंय खंय मी? डिस्क घेतली असती तर तू ती पिशवीत घालून गेलं असतंस. ह्या खेळाक चार माणसां लागतत. चार माणसां इली."

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "काका, चहा टाका."