उलटा हात

वायरमन बोलण्यात कच्चा होता. घरोघर दुरुस्त्या करत आयुष्य गेलं, पण कसं केलंत म्हणून कुणी विचारलं नव्हतं. दिवा लागला की लोक आपल्या कामाला. त्यामुळे हॉस्पिटलच्या देखभाल खात्यात परीक्षेला आला तेव्हा तारांपेक्षा त्याला तोंडाचीच धास्ती. नोकरी मात्र हवीच होती. गुडघे कुरकुरत होते, आणि फोन वाजला की बायको दचकायची. तिचे वडील अण्णा, म्हणजे याचे सासरे आणि उस्तादही, कामावर शिडीवरून पडून गेले होते.

सुपरवायझर बाईंनी भिंतीवरचा बोर्ड दाखवला. "दिवा लागत नाही. शोधा, आणि काय करताय ते बोलत राहा."

"मेन बंद. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात, म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही." टेस्टर लावला. "करंट नाही." मग इस्त्री तापली का बघावं तशी बोटांची मागची बाजू पटकन तारेला लावली आणि कामाला लागला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघाला. आवळला, कुलूप काढलं, मेन टाकला. दिवा लागला.

"काम स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "टेस्टर चालू आहे हे कशावरून?"

"म्हणून तर हात लावला."

बाई हसल्या नाहीत. "शेजारच्या चालू प्लगवर टेस्टर आधी लावून बघायचा, नंतरही. हात कशाला?"

इथे त्याला बोलता आलं. "तळवा लावला तर मूठ आवळते, तार सुटत नाही. उलटा हात झटकला जातो. सासऱ्यांनी शिकवलंय."

"झटकला जातो. बरं, तुम्ही शिडीवर असाल तर?"

वायरमनने आपला हात उलटा करून पाहिला. सासरे तोल गेला म्हणून पडले, असंच घरात सगळे म्हणत आले होते. तोही म्हणत आला होता. त्या दिवशी सासरे शिडीवर होते, टेस्टर शर्टाच्या खिशात होता, आणि खालून हाच बघत होता. त्यांचा उजवा हात तारेपासून एकदम मागे गेलेला त्याने पाहिला होता. पाहिलेलं कळायला एवढा काळ लागला.

"मी तुमच्या हाताखाली नवी मुलं देणार होते," बाई म्हणाल्या. "ती पाहून शिकतात. आत्ता नाही घेता येणार. सवय मोडली की या, मी पुन्हा बघीन."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"टेस्टर आधी तपासायचा, म्हणाल्या."

"एवढंच? मग ठेवलं का?"

"आत्ता नाही."

"अण्णांचं नाव सांगायचंत. त्यांच्या हाताखालचा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

"सांगितलं," तो म्हणाला, आणि चपला काढायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.