दोन मिनिटांची ओळख

पंपघरात त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा सुरू झाला की बंद व्हायचं नाव नाही, म्हणून. आणि सकाळच्या पाळीचा जो ऑपरेटर परवा गेला, त्याला म्हणायचे मौनीबाबा. अकरा वर्षं दोघांनी एकच खुर्ची वापरली. दुपारी दोनला मौनीबाबा उठायचा आणि रेडिओ बसायचा. मध्ये दोन मिनिटं, लॉगबुकावर सही होईपर्यंत.

शोकसभा चारला होती. तीन वाजता मौनीबाबाची बायको पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली. मागे कॉलेजातली मुलगी.

"भावजी, आज तुम्हीच बोला," ती म्हणाली. "साहेबांना काय माहीत ते कसे होते ते. घरी उशिराचं कारण विचारलं की तुमचंच नाव. पाळी संपली तरी तासभर तुमच्याशी गप्पा मारून यायचे. मी चिडायचे, जेवण गार होतं म्हणून. आता वाटतं, बरं झालं. एक तरी जिवाभावाचा माणूस होता त्यांना."

रेडिओच्या तोंडचं पाणीच पळालं. गप्पा? कुठल्या गप्पा? पण समोर ती बाई अशी बघत होती की त्याने होकारार्थी मान हलवली आणि बसला अडकून.

ती गेल्यावर त्याने फिटरला गाठलं. "अरे, त्याच्याबद्दल काहीतरी सांग ना."

"चांगला माणूस होता," फिटर म्हणाला.

"ते मेलेल्या प्रत्येकाबद्दल म्हणतात, गाढवा. त्याला काय आवडायचं? कशावर चिडायचा?"

फिटरने डोकं खाजवलं. त्यालाही काही आठवेना. साहेबांकडे मागच्या शोकसभेतल्या भाषणाचा कागद होता, तो त्यांनी खुशाल पुढे केला. हसतमुख, मनमिळाऊ, भरून न निघणारी पोकळी. नाव तेवढं बदलायचं.

कागद घेऊन तो खुर्चीत बसला आणि त्याची नजर खिडकीबाहेर फाटकाजवळच्या बाकाकडे गेली. दोन वाजता सही करून मौनीबाबा तिथे जाऊन बसायचा. एकटाच, डबा मांडीवर ठेवून, तीनपर्यंत. रेडिओला तो रोज दिसायचा. येईल बस-बिस त्याची, असं तो समजायचा. अकरा वर्षांत एकदाही त्याला वाटलं नाही की खिडकीतून हाक तरी मारावी. सगळ्या जगाशी बडबडणारा माणूस, आणि याच्याशी बोलायला जीभ झडली होती का? त्याला स्वतःची लाज वाटली.

चारला फिटर पंपांवर बसला आणि बाकीचे आवारात जमले. साहेबांचं पाच मिनिटांत उरकलं. मग रेडिओ उभा राहिला. "आपले सहकारी अत्यंत हसतमुख..." एवढं वाचलं आणि मुलीने मान खाली घातली. तिच्या बापाला हसताना कुणी पाहिलं होतं? रेडिओने कागद खिशात कोंबला. लोक चुळबुळू लागले.

"मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो," तो शेवटी म्हणाला. "ते कधी उशिरा आले नाहीत. मी उशिरा आलो तर साहेबांना कधी कळलं नाही. खुर्ची देताना आधी फडक्याने पुसायचे. दोन नंबरचा पंप गरम व्हायला लागला की लॉगबुकात लिहून ठेवायचे, आणि तोंडीही सांगायचे, बेअरिंगला हात लावून बघा. मी नवीन होतो तेव्हा पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळतंय म्हणून तिथली ग्लँड पार आवळून टाकली. आतलं पॅकिंग जळालं. दुसऱ्या दिवशी यांनी दुपारपर्यंत बसून नवीन भरलं आणि मला एवढंच म्हणाले, थेंब थेंब पडू द्यायचं असतं, त्यानेच ते थंड राहतं. कुणाला सांगितलं नाही. मी आभारसुद्धा मानले नाहीत. ते राहूनच गेलं."

तो तसाच खाली बसला. मुलगी रडत होती. साहेबसुद्धा चष्मा पुसत होते. गप्पांबद्दल तो काही बोलला नव्हता. ना हो, ना नाही.

सभा संपल्यावर मौनीबाबाची बायको जवळ आली. डोळे लाल, पण चेहऱ्यावर थोडं समाधान होतं.

"अगदी तसेच होते ते," ती म्हणाली. "तुम्ही जवळचे म्हणून तुम्हाला माहीत." मग जरा थांबून तिने विचारलं, "भावजी, एक सांगाल? माझ्याशी दोन शब्दांच्या वर कधी बोलले नाहीत हो. तुमच्याशी तासभर काय बोलायचे?"

रेडिओने तोंड उघडलं. मग माफी मागावी तसे दोन्ही हात जोडले आणि फाटकाजवळच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. आणि ती वाट बघत उभी राहिली.