लंकाबाईने डोळे मिटले

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली लंकाबाई जन्मापासून बहिरी. ओठ वाचून काम भागवायची. मेला मुकादम संतोष मुद्दाम तोंडावर हात धरून बोलायचा, वर "ही ऐकतच नाही" म्हणून बोंब मारायचा.

एके दुपारी कोल्ड स्टोरेजच्या मशीनची फरशीतून तिच्या तळपायांना जाणवणारी थरथर थांबली. पंख्यांच्या गोंगाटात इतरांना पत्ताच नव्हता. तिने संतोषसमोर भिंतीवर तळवा ठेवला, बोटं थरथरवली, मग मूठ आवळली: मशीन बंद. त्याने तिची नक्कल करून बायांना हसवलं आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी घामेजलेल्या पेट्या पाहून शेठ भडकले. लंकाबाईने त्यांना तळवा, थरथर, मूठ सगळं दाखवलं. मग संतोषची नक्कलही, हुबेहूब. आता कुणी हसलं नाही.

संतोष तिच्यासमोर उजेडात येऊन, तोंडावरचा हात काढून, सावकाश गयावया करू लागला. लंकाबाईने डोळे मिटून घेतले.